खाज सुटण्याआधीचा महिना

दिवसभर फारसं जाणवत नाही, पण रात्री पांघरुणात अंगाला ऊब आली की बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी, कमरेला, बेंबीभोवती अशी खाज सुटते की झोप उडते. अशा वेळी चांगल्या उजेडात बेचकं ताणून पाहावं. जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर लांबीची, राखाडी, किंचित नागमोडी रेघ दिसली, तर ती खरजेच्या किड्याने पोखरलेली वाट असते. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. कातडीच्या अगदी वरच्या थरात ती बीळ करत पुढे सरकते आणि रोज दोन-तीन अंडी घालत जाते. खाजवून खाजवून रेघा बऱ्याचदा पुसल्या जातात आणि उरतात फक्त पुटकुळ्या व ओरखडे. म्हणून रेघ दिसली नाही तरी ‘घरात आणखी कोणाला खाज आहे का?’ हा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात.

अंगभर खाज असली, तरी साध्या खरजेत अंगावर किडे असतात जेमतेम दहा-पंधरा. खाज येते ती किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांची शरीराला ॲलर्जी होते म्हणून. ही ॲलर्जी पहिल्या खेपेला तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात माणूस ठणठणीत दिसतो, पण त्याच्यापासून खरूज दुसऱ्याला लागू शकते. घरोघरी उपचार फसतात ते इथेच.

समजा, वसतिगृहातला थोरला मुलगा दिवाळीला घरी आला. धाकटा भाऊ आणि आजी त्याच्याच शेजारी झोपले. थोरला खाजवत होता म्हणून त्याला एकट्याला मलम आणलं, तो बराही झाला. महिन्याभराने धाकटा खाजवू लागला. नाताळच्या सुट्टीत थोरला पुन्हा त्याच्याशेजारी झोपला आणि दोन-तीन दिवसांतच परत खाजवू लागला. शरीराला किड्याची ओळख झालेली असल्याने दुसऱ्या खेपेला ॲलर्जी लगेच उसळते. घरचे म्हणाले, मलमाचा काही उपयोग झाला नाही. मलमाने काम केलं होतं, बिनखाजेचे दोघे मात्र राहून गेले होते.

ती पसरते मुख्यतः कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिल्याने: एका अंथरुणात झोपणं, लहान मुलाला कडेवर घेणं, शरीरसंबंध. १९४१ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे केनेथ मेलनबी यांनी युद्धात लढायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांना खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे घालायला आणि त्यांच्या पांघरुणांत झोपायला दिलं. त्यांतल्या फार थोड्यांना खरूज झाली. रुग्णासोबत एका बिछान्यात झोपल्यावर मात्र ती सहज लागली. घरातल्या बाईला अस्वच्छतेवरून बोल लावणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर ऐकावा. रोज आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते.

म्हणून उपचार सगळ्या घराने एकाच रात्री करायचा, खाज असो वा नसो. नेहमीचं औषध म्हणजे पाच टक्के परमेथ्रिनचं मलम. रात्री कोरड्या, थंड अंगावर ते मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. बेचकी, नखांखाली, काखा, बेंबी, जांघा, पार्श्वभाग, काही सोडायचं नाही. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण तीस ग्रॅम लागतं. फक्त खाजणाऱ्या जागी बोटभर लावणं ही नेहमीची चूक. आठ ते चौदा तासांनी आंघोळ करायची. मधे हात धुतले तर हातांना परत लावायचं. आठवड्याने हे सगळं पुन्हा एकदा. तान्ह्या बाळांना डोकं आणि चेहऱ्यालाही लावावं लागतं, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही वजनानुसार देतात, पण गरोदर बाईला आणि पंधरा किलोहून कमी वजनाच्या मुलांना सहसा नाही.

अंगावरचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. गोधडी धुणं शक्य नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी. माणसाच्या अंगावेगळा झालेला किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

दुकानातून परस्पर आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम खाज तात्पुरती दाबतं. किडे जगतातच, पुरळाचं रूप मात्र बदलतं आणि डॉक्टरही चकतात. ओरखड्यांत पू झाला, ताप आला, मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली, तर थांबू नये. जखमेतल्या जंतुसंसर्गाचा त्रास कधीकधी मूत्रपिंडापर्यंत जातो.

उपचार नीट झाल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, कारण मेलेले किडे कातडीतच असतात. तेवढ्यासाठी रोज मलम थापलं तर कातडी कोरडी पडून खाज उलट वाढते. महिन्यानंतरही खाज टिकली किंवा नव्या रेघा, नव्या पुटकुळ्या दिसल्या, तर पुन्हा दाखवावं. आणि त्या रात्री कोण गावाला गेलं होतं, हेही डॉक्टरांना सांगावं.