वजनाखाली कोंडलेला श्वास

जड वजन उचलताना माणूस नकळत श्वास कोंडतो. छाती भरून हवा आत घेतली जाते, स्वरयंत्रातली फट घट्ट मिटते आणि छाती व पोटाचे स्नायू त्या कोंडलेल्या हवेवर जोर लावतात. कुंथताना नेमके हेच घडते. वैद्यकशास्त्रात या क्रियेला वाल्साल्वा क्रिया म्हणतात. अंतोनिओ मारिया वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने 1704 मध्ये कानावरच्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले होते, पण ते कानाच्या संदर्भात. रक्तदाबाशी तिचे काय नाते आहे, हे बऱ्याच काळानंतर उलगडत गेले.

श्वास कोंडण्यामागे शरीराचा हिशेब असतो. खांद्यावर बारबेल घेऊन बैठक मारताना पाठीच्या कण्यावर मोठा भार येतो आणि एकट्या कण्याला तो सरळ पेलता येत नाही. झाकण घट्ट लावलेली पाण्याची भरलेली बाटली हाताने सहज दाबली जात नाही, झाकण उघडे असेल तर मात्र चेपते. धडाचेही तसेच आहे. श्वास कोंडून पोट आवळले की धड ताठ होते आणि कण्याला आतून आधार मिळतो. म्हणूनच आपल्या कमाल ताकदीच्या सुमारे 80 टक्क्यांपुढचे वजन आले, की शिकवले नसले तरी उचलणारा श्वास रोखतोच.

या आधाराची किंमत रक्तदाबात मोजावी लागते. ती किती, हे दंडाला बांधायच्या पट्ट्याने कळत नाही, कारण वजन वर जाताना दाब प्रत्येक ठोक्याला बदलतो आणि पट्टा फुगून आकडा दाखवेपर्यंत सगळे ओसरलेले असते. व्यायामशाळेत सेट संपल्यावर यंत्र लावून ‘माझे बीपी तर नॉर्मल आहे’ असे म्हणणाऱ्याला ते यंत्र काही सेकंद उशिराची गोष्ट सांगत असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी म्हणून सरळ दंडाच्या रोहिणीत बारीक नळी घालून मोजमाप केले. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच अनुभवी शरीरसौष्ठवपटू होते. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना त्यांचा सरासरी दाब 320/250 पर्यंत चढला आणि एकाच्या बाबतीत तो 480/350 च्याही पुढे गेला. विश्रांतीत निरोगी माणसाचा दाब 120/80 च्या आसपास असतो, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा आवाका कळतो.

एवढा दाब येतो कुठून? एक कारण स्नायूंचे. पूर्ण ताकदीने आकुंचन पावलेला मांडीचा स्नायू स्वतःतल्या रक्तवाहिन्या चेपून टाकतो, त्यामुळे रक्ताची वाट अडते. दुसरे कारण कोंडलेल्या श्वासाचे, आणि ते एक उचल टप्प्याटप्प्याने पाहिली की नीट समजते. श्वास कोंडताच छातीतला वाढलेला दाब तिथल्या महारोहिणीवर पडतो आणि तेवढा दाब रोहिण्यांतल्या रक्तात लगेच मिळतो. पहिली उडी ही. कोंडणे लांबले, तर शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त छातीच्या दारातच अडखळते. हृदयाला बाहेर टाकायला रक्त कमी पडते, दाब उतरू लागतो, आणि त्याची भरपाई म्हणून ठोके वाढतात व रक्तवाहिन्या आवळतात. मग वजन खाली ठेवले जाते आणि श्वास सुटतो. छातीतला दाब क्षणात नाहीसा होतो, चेपलेले स्नायू मोकळे होतात आणि रक्तदाब एकदम कोसळतो, कधी विश्रांतीच्या पातळीच्याही खाली. त्यानंतर अडलेले रक्त हृदयाकडे धावते, वाहिन्या अजून आवळलेल्याच असतात, म्हणून दाब पुन्हा थोडा उसळतो आणि मग स्थिरावतो.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग कोसळण्याचा आहे. वजन उचलून झाल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात, क्वचित उचलणारा जागीच पडतो. वेटलिफ्टिंगमध्ये हे परिचित आहे. दांडा छातीवर आणि गळ्याशी घेऊन श्वास रोखून उभे राहिलेल्या खेळाडूच्या मेंदूला काही क्षण रक्त अपुरे पडते. आधी भरभर, खोल श्वास घेतलेले असतील तर ते आणखी लवकर घडते, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून मेंदूच्या वाहिन्या आकसलेल्या असतात. 

मग 300 च्या वर गेलेल्या दाबाने मेंदूतली वाहिनी फुटत कशी नाही? वाहिनीच्या भिंतीवर ताण येतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातल्या फरकाचा. श्वास कोंडला की छातीबरोबर मेंदूभोवतीच्या द्रवाचाही दाब वाढतो. वाहिनीला आतून जे ढकलले जाते, त्यातला बराच भाग बाहेरून तोलला जातो. कोंडलेला श्वास दाब चढवतो आणि मेंदूच्या वाहिन्यांना काही अंशी टेकूही देतो. डोळ्यांना असे पुरेसे संरक्षण मिळत नाही. जोरात कुंथल्यावर बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात लाल डाग दिसतो किंवा दृष्टिपटलावर रक्तस्राव होतो, तो याच कारणाने. आणि जिची भिंत आधीच फुगलेली व कमकुवत आहे, अशा वाहिनीला हा टेकू पुरेल याची हमी नाही.

श्वासाचा वाटा किती, हे 1995 मधल्या एका अभ्यासाने वेगळे करून दाखवले. लेग प्रेसवर पूर्ण कमाल वजन श्वास कोंडून ढकलताना सरासरी दाब 311/284 होता. तेच वजन हळूहळू श्वास सोडत ढकलताना तो 198/175 वर राहिला. वजन तेच आणि पाय तेच असताना वरच्या आकड्यात 113 चा फरक पडला. तरी खालचा आकडा 175 राहिला, याकडेही पाहायला हवे. श्वास सोडला तरी जड वजन हलके होत नाही.

धावणे, सायकल चालवणे, पोहणे या दीर्घ श्रमांत चित्र वेगळे असते. स्नायू आकुंचन पावून लगेच सैल होतो, त्याच्या वाहिन्या रुंदावतात आणि रक्ताला मोकळी वाट मिळते. हृदय जास्त रक्त फेकते म्हणून वरचा दाब 180 ते 200 पर्यंत चढतो, पण खालचा जागीच राहतो किंवा किंचित उतरतो. लयीत चाललेला श्वास यात मदतच करतो. प्रत्येक श्वास आत घेताना छातीतला दाब घटतो आणि शिरांतले रक्त हृदयाकडे ओढले जाते. कोंडलेल्या श्वासात जे रक्त छातीच्या दाराशी अडते, तेच इथे आत खेचले जाते. अशा व्यायामानंतर काही तास रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा कमीही राहतो.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, वाहिनीचा फुगवटा किंवा दृष्टिपटलाचा आजार असलेल्यांनी म्हणूनच कमाल वजनाच्या वाटेला जाऊ नये, आणि वजने सुरू करायची तर आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्यासाठी दहा-बारा वेळा सहज उचलता येईल असे वजन बरे. सर्वांत कठीण टप्प्यात, म्हणजे बैठकीतून वर येताना, श्वास सोडावा आणि खाली जाताना घ्यावा. श्वास खरोखर सुटतो आहे का, हे उचलताना मोठ्याने आकडे मोजले की कळते, कारण स्वरयंत्र मिटलेले असेल तर आवाज निघत नाही. सेट थकव्याच्या टोकापर्यंत ओढायचा नाही, कारण दाब सर्वाधिक चढतो तो शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत, जेव्हा वजन अडते आणि श्वास आपोआप कोंडला जातो. मोजणे अडखळले, की सेट तिथेच थांबवावा.