अक्षरांमागचे अंक : उसना दशक

आज गुणाकाराच्या कोड्यांकडे वळायचं ठरलं होतं. ती पुढच्या आठवड्यात. कारण वर्सोव्याच्या एका शिक्षिकांचं पत्र आलंय : "सगळी कोडी बेरजेचीच का? वजाबाकीत हातच्याचं काय होतं? आणि आपल्याकडचं एखादं कोडं नाही का?" तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर आहे, आणि ते माझ्या फार आवडीचं आहे.

वर्सोव्याहून अंधेरीला येऊन पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघालं की लोकल जिथे संपते, त्या डहाणूत १९०५ साली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. पुढे देवळालीच्या शाळेत त्यांनी १९३० ते १९६२ मास्तरकी केली. ६१७४ या संख्येचा गुण त्यांना १९४९ मध्ये सापडला. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. चारही अंक सारखे नसले, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते.

ती तिथेच का थांबते, हे अक्षरांच्या कोड्यासारखं मांडता येतं :

कखगघ − घगखक = त्याच चार अंकांची संख्या

क सर्वांत मोठा, मग ख, ग, आणि घ सर्वांत लहान. नियम नेहमीचेच : वेगळ्या अक्षराला वेगळा अंक, आणि कुठलीही संख्या शून्याने सुरू होत नाही.

सोयीसाठी क आणि घ यांच्यातल्या फरकाला म म्हणू, ख आणि ग यांच्यातल्या फरकाला न. आता उजवीकडून चला. एककस्थानी घ मधून क जात नाही, म्हणून दशक उसना घ्यायचा, उरतात १०−म. दशकस्थानी ग ने एक देऊन टाकलाय, आणि त्यातून मोठा ख वजा करायचाय. पुन्हा उसना, उरतात ९−न. शतकस्थानी ख ने एक दिलाय, पण तो ग पेक्षा निदान एकाने मोठा आहे, म्हणून इथे उसनवारी थांबते, उरतात न−१. हजारस्थानी सरळ म. म्हणजे उत्तराचे अंक डावीकडून असे : म, न−१, ९−न, १०−म. हे चार म्हणजेच आपले क, ख, ग, घ; फक्त क्रम माहीत नाही.

आधी मोठा क शोधू. न−१ तर म पेक्षाही लहान, तो बाद. म हाच क असेल, तर क मधून घ वजा करून क च उरला, म्हणजे घ शून्य. पण दुसरी संख्या घ ने सुरू होते, म्हणून म बाद. ख आणि ग हे क आणि घ यांच्या मध्ये बसलेत, म्हणून म हा न पेक्षा निदान दोनने मोठा. त्यामुळे १०−म नेहमीच ९−न पेक्षा लहान पडतो. राहिला एकच : क = ९−न.

मग घ = क−म = ९−न−म. हा १०−म पेक्षा नक्कीच लहान, म्हणून घ म्हणजे १०−म नव्हे. म तर न−१ पेक्षा मोठा, तोही सर्वांत लहान असू शकत नाही. म्हणून घ = न−१. दोन्ही समान मांडले की म = १०−२न. मधल्या जागांसाठी उरले म आणि १०−म, म्हणजे १०−२न आणि २न. त्यांच्यातला फरक न हवा. २न मोठा धरला तर ३न = १०; पूर्णांक मिळत नाही. १०−२न मोठा धरला तर ५न = १०, न = २, म = ६. अंक ७, ६, ४, १ : ७६४१ − १४६७ = ६१७४. दुसरं उत्तर नाही.

इथे एक भेद लक्षात ठेवा. कापरेकरांच्या रीतीत अंक दोनदा येऊ शकतात आणि पुढे शून्यही चालतं. ख आणि ग सारखे असले तर शतकस्थानीही उसना घ्यावा लागतो आणि वरचे चार अंक बदलतात. तो प्रकार वेगळा तपासावा लागतो. शिवाय या कोड्याने संख्या कुठे थांबते एवढंच सिद्ध होतं. प्रत्येक संख्या तिथे पोहोचतेच, हे नाही. त्यासाठीही म आणि न च कामी येतात. पुढची संख्या केवळ या दोन फरकांवर ठरते, आणि अंक सारखे चालवले तरी म-न च्या जोड्या ५४ च होतात. नऊ हजार संख्यांऐवजी ५४ जोड्या तपासल्या की काम झालं.

आता तीन अंकांचं तुमच्यासाठी : कखग − गखक, उत्तरात तेच तीन अंक. दशकस्थानी ख मधून ख च वजा होतोय, पण एककाला उसना देऊन झाल्यावर. सुरुवात तिथून करा. उत्तर गुणाकाराच्या आधी.