वादळाला दिवस, त्सुनामीला तास

१ जून २०२०च्या पहाटे अरबी समुद्रात एक कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन त्याचं डिप्रेशन बनलं. ३ जूनला दुपारी त्याच पट्ट्याचं 'निसर्ग' चक्रीवादळ होऊन ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मध्ये जेमतेम सव्वादोन दिवस.

वादळाला लागतं ते कोमट पाणी, साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर. त्यावरची ओली हवा वर चढते, वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, हवा आणखी जोरात वर जाते आणि खाली दाब घटतो. ही पोकळी भरायला धावणारा वारा पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतो आणि भोवरा तयार होतो. हे सगळं उपग्रहाला दिसतं. त्यामुळे हवामान खात्याचे इशारे पायरीपायरीने वाढत जातात, बंदरावर बावटा लागतो, होड्या परत बोलावल्या जातात. निसर्गच्या वेळी कच्च्या घरांतली माणसं आधीच हलवली होती, म्हणून वाऱ्याच्या मानाने माणसं फार कमी गेली. जे हलवता येत नाही ते मात्र गेलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. फोनही बंद पडले आणि नेमकं कुठे काय झालंय हे कळायलाच वेळ लागला. इशारा वेळेवर पोचला, पण वादळानंतर गावाचा आवाज बाहेर पोचेना. माझ्या मते खरी उणीव तीच.

त्सुनामीत एवढी उसंत नसते. समुद्रतळाशी मोठा भूकंप होऊन तळ वरखाली झाला की वरचं सगळं पाणी हलतं. खोल समुद्रात ही लाट विमानाच्या वेगाने धावते आणि उंची इतकी कमी की होडीतल्या माणसाला जाणवतही नाही. उथळ पाण्यात वेग पडतो, उंची वाढते. ती काही फक्त बंगालच्या उपसागराची गोष्ट नाही. नोव्हेंबर १९४५मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ पहाटे भूकंप झाला आणि काही तासांत लाटा मुंबईत आल्या; इथेही माणसं वाहून गेली. २००४मध्ये सुमात्राची लाट तामिळनाडूला पोचायला सुमारे दोन तास लागले, पण सांगणारी यंत्रणाच नव्हती. आता हैदराबादचं 'इन्कॉइस' हे केंद्र भूकंपानंतर काही मिनिटांत पहिलं बुलेटिन काढतं. मात्र भूकंप झाला म्हणजे लाट आलीच असं नाही. ते ठरतं समुद्रतळावरच्या दाबमापकांवरून आणि बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून.

मच्छीमारांसाठी दोन्हींतला फरक उलटा आहे. वादळाचा इशारा आला की होडी किनाऱ्याला आणायची. त्सुनामीत खोल पाण्यात असलेल्या होडीने तिथेच थांबायचं, कारण बंदरातलं पाणी तासन् तास खेचाखेच करत राहतं. किनाऱ्यावरच्यांनी पहिली लाट ओसरली म्हणून घरी परतायचं नाही. मागची लाट अनेकदा मोठी असते.