कॅलेंडरातून आलेली नावं

सिन्नर तालुक्यात निवृत्ती नावाच्या माणसाला आपल्या नावाचा अर्थ सांगत बसावं लागत नाही. संत निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला, पौष वद्य एकादशीला तिथं मोठी यात्रा, आणि आषाढीला नाथांची पालखी जाते ती सिन्नरच्याच बाजूने. एका घरात निवृत्ती, ज्ञानेश्वर, सोपान आणि मुक्ता अशी चारही भावंडं सापडली तरी कुणाला नवल वाटत नाही. जवळच्या देवस्थानावरून आणि मूल जन्मलं त्या दिवसावरून नाव ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. रामनवमीचा राम, गोकुळाष्टमीचा गोपाळ, दत्तजयंतीचा दत्तात्रय हे तर घरोघरी आहेत.

यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण महात्मा फुल्यांचं. त्यांचा जन्म ११ एप्रिल १८२७चा. चरित्रकार सांगतात, की त्या दिवशी वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची यात्रा होती, म्हणून मुलाचं नाव जोती ठेवलं. ही यात्रा चैत्र पौर्णिमेची. पण चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंतीही असते. म्हणजे त्याच दिवशी जन्मलेल्या दुसऱ्या एखाद्या पोराचं नाव मारुती ठेवलं गेलं असणार. दिवस एकच असला तरी त्यातून कोणतं नाव उचलायचं, हे घरच्या श्रद्धेवर आणि बहुधा आजीच्या मतावर ठरतं. पंचांग सुचवतं, सक्ती करत नाही.

युरोपात हीच रीत आधी चर्चच्या नियमाने आणि पुढे सरकारी कायद्याने बांधली गेली.

ख्रिस्ती संतांच्या दिनदर्शिकेत वर्षातल्या जवळपास प्रत्येक तारखेला कुणा ना कुणा संताचं नाव असतं. हा दिवस बहुतेक वेळा संताच्या मृत्यूचा असतो. संत त्या दिवशी स्वर्गात जन्मला, अशी त्यामागची कल्पना. आपल्या वारकऱ्यांना हे समजावून सांगायला नको. तुकाराम बीज ही बुवांच्या वैकुंठगमनाची तिथी, आणि आळंदीची कार्तिकी भरते ती माउलींच्या समाधीभोवती. अपवाद थोडे आहेत, त्यातला मोठा म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा. त्याचा जन्मदिवस २४ जूनला साजरा होतो. डोक्यावर फुलापानांची ‘कोपेल’ घालून विहिरीत उड्या मारण्याचा गोव्यातला सांजांव तो हाच.

मुलाला संताचंच नाव द्यावं, असा आग्रह कॅथलिक चर्चने १५६६च्या रोमन धर्मशिक्षणग्रंथात मांडला. नाव ज्याचं, त्या संताचं अनुकरण मुलाने करावं आणि संताने त्याचा पाठीराखा व्हावं, अशी अपेक्षा होती. पुढे १९१७च्या चर्चसंहितेत तर असं आलं, की आईवडील ऐकतच नसतील तर धर्मगुरूने त्यांनी आणलेल्या नावाला स्वतःहून एका संताचं नाव जोडावं आणि नोंदवहीत दोन्ही लिहावीत. नोंदवही धर्मगुरूच्या हातात असल्यामुळे चर्चला हे जमत होतं. १९८३च्या संहितेत हा आग्रह सैल झाला. नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं, एवढीच अट उरली.

ही दिनदर्शिका पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली. अल्बुकर्कने गोवा जिंकलं ते २५ नोव्हेंबर १५१०ला. तो संत कॅथरीनचा दिवस, म्हणून जुन्या गोव्याचं मुख्य चर्च, म्हणजे से कॅथेड्रल, तिलाच वाहिलेलं आहे. जिथं शहराचा पाठीराखा संत तारखेवरून ठरला, तिथं मुलांची नावं त्या वहिवाटीतून कशी सुटणार? नाताळचा नाताल, ईस्टरचा पास्कोल, ही नावं उच्चारली की सणच समोर येतो.

एक नाव जवळून पाहू. वांद्रे, वाशी इथली फादर अ‍ॅग्नेल यांच्या नावाची शाळा-कॉलेजं मराठी वाचकाला चांगली माहीत आहेत. हे अ‍ॅग्नेल म्हणजे गोव्यातले धर्मगुरू आन्येलो डिसोझा. त्यांचा जन्म हणजुण्यात २१ जानेवारी १८६९ला झाला. २१ जानेवारी हा संत आग्नेसचा दिवस. आग्नेस ही रोममधली कोवळ्या वयाची हुतात्मा मुलगी. घरात आला तो मुलगा, म्हणून आग्नेसचं पुरुषी रूप आन्येलो. दिवसाची संत बाई असेल आणि बाळ मुलगा असेल, किंवा उलट असेल, तर अशी तोड काढली जाई. आता त्यांचं पूर्ण नाव वाचा: आन्येलो गुस्ताव्हो आदोल्फो. गुस्ताव्ह अडॉल्फ हा सतराव्या शतकातला स्वीडनचा प्रॉटेस्टंट राजा, कॅथलिक फौजांशी लढता लढता मेलेला. त्याची आठवण देणारी जोडी एका भावी कॅथलिक धर्मगुरूच्या नावात बसली आहे. पहिलं नाव संताचं लागलं, की पुढच्या नावांत हौसेला मोकळीक मिळत असे. या फादर अ‍ॅग्नेल यांना चर्चने १९८६मध्ये ‘आदरणीय’ ठरवलं. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी. ते संत झाले तर कॅलेंडरातून निघालेलं नाव कॅलेंडरात परत जाईल.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर जन्माची नोंद चर्चकडून नगरपालिकेकडे आली. नावांना मोकळं रान मिळायला हवं होतं, पण घडलं उलट. १ एप्रिल १८०३च्या कायद्याने ठरवलं, की प्रचलित कॅलेंडरांतली नावं किंवा प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींची नावं, एवढीच नोंदवली जातील. धर्मगुरूच्या जागी कारकून बसला, यादी मात्र बव्हंशी संतांचीच राहिली. ब्रिटनी प्रांतातल्या लोकांना याचा जाच सर्वांत जास्त झाला. तिथली ब्रेटन भाषेतली नावं यादीत नव्हती, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावरही तिथल्या एका कुटुंबाच्या काही मुलांची नावं नोंदवायला नकार मिळाला. १९६६मध्ये नियम थोडा सैल झाला, आणि ८ जानेवारी १९९३च्या कायद्याने नाव निवडणं आईवडिलांच्या हाती आलं. आता अधिकाऱ्याला नाव मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं तर प्रकरण न्यायालयाकडे पाठवता येतं, एवढंच.

कॅलेंडरावर इतका भरवसा ठेवला की गमतीही होतात. फ्रान्समध्ये डिसेंबरात पोस्टमन घरोघरी पुठ्ठ्याचं कॅलेंडर घेऊन येतो, त्यात प्रत्येक तारखेपुढे संताचं नाव छापलेलं असतं. १४ जुलैला राष्ट्रीय सण, त्यामुळे तिथं संताऐवजी ‘फेत नात’ असं, राष्ट्रीय सणाचं संक्षिप्त रूप छापलेलं. फ्रेंच वसाहतींमध्ये त्या तारखेला जन्मलेल्या काही मुलांना हेच नाव पडलं. आफ्रिकेत आणि कॅरिबियन बेटांवर फेतनात नावाची माणसं आढळतात. यावर हसण्याचा हक्क आपल्याला फारसा नाही. मुली नकोशा झाल्या म्हणून ‘नकुशी’ नाव ठेवणारे आपणच.

संताचा दिवस हा त्या नावाच्या सगळ्यांचाच दिवस, या समजुतीतून नामदिन आला. ग्रीसमध्ये त्याला वाढदिवसापेक्षाही जास्त मान असे, आणि बऱ्याच घरांत अजून आहे. ७ जानेवारीला सगळे यानिस, २१ मेला कॉन्स्टंटिनोस आणि एलेनी, १५ ऑगस्टला मारिया. ज्याचा दिवस असतो, त्याने घर उघडं ठेवायचं आणि आलेल्यांचं तोंड गोड करायचं. आमंत्रणं द्यायची नाहीत. मला यातली सोय फार आवडते. वाढदिवस घरच्यांना आणि जवळच्या चारजणांना माहीत असतो. नामदिन मात्र नाव माहीत असलेल्या प्रत्येकाला आपोआप कळतो. शिवाय वय विचारण्याचा प्रश्नच येत नाही.

यात एक तारीख सरकते. संत जॉर्जचा दिवस २३ एप्रिल. पण ती तारीख ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आली तर सण करता येत नाही, तो ईस्टरनंतरच्या सोमवारी जातो. २०२३मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणून योर्गोस मंडळींचा दिवस २३लाच झाला. २०२४मध्ये ईस्टर थेट ५ मेला आला, आणि त्यांना ६ मेपर्यंत थांबावं लागलं. तिथीवर सण करणाऱ्यांना ही कसरत परकी वाटणार नाही.

मग आपल्याकडे नामदिन का रुजला नाही? तिथी सरकते हे कारण पुरत नाही, कारण जॉर्जही सरकतोच. मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. संताला एक नाव आणि एक दिवस. आपल्या विष्णूला नावंच हजार. केशव, माधव, नारायण यांना कोणत्या तिथीला बसवणार? शिवाय आपल्या पंचांगाने नावापेक्षा अक्षराकडे जास्त लक्ष दिलं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकशे आठ चरणाक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. बाळाच्या जन्मवेळी चंद्र ज्या चरणात असेल, ते अक्षर. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर आहे ङ, आणि उत्तरा भाद्रपदेच्या चौथ्याचं ञ. ङ वरून नाव आणायचं कुठून? गुरुजी जवळचं दुसरं अक्षर देतात आणि काम चालतं. तसंही हे जन्मनाव पत्रिकेत राहतं, शाळेच्या दाखल्यावर दुसरंच लागतं. ते मान्य करणारी वा नाकारणारी वही कुणाच्याच हातात नव्हती.

स्वीडनमध्ये उलट स्थिती. प्रॉटेस्टंट झाल्यावर संतांची भक्ती गेली, पण त्यांची नावं छापील कॅलेंडरात तशीच राहिली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९७२पर्यंत कॅलेंडर काढण्याचा मक्ता रॉयल विज्ञान अकादमीकडे होता, त्यामुळे कोणतं नाव ठेवायचं आणि कोणतं गाळायचं हे अभ्यासक ठरवू लागले. १९०१मध्ये यादीची मोठी झाडाझडती झाली. वापरातून गेलेली जुनी नावं काढून लोकांत रुळलेली घातली. २००१पासून लागू झालेल्या यादीत बहुतेक तारखांना दोन-दोन नावं आहेत. म्हणजे आधी कॅलेंडर पाहून बाळाचं नाव ठरत असे, आता बाळांची नावं पाहून कॅलेंडर दुरुस्त होतं. २८ जानेवारी हा कार्लचा दिवस, आणि राजाचं नाव कार्ल गुस्ताफ, म्हणून त्या दिवशी देशभर झेंडा लावतात.

यादी कितीही वाढवली तरी कुणीतरी बाहेर राहतंच. लाटव्हियाने त्यासाठी २२ मे राखून ठेवला आहे. ज्यांचं नाव कॅलेंडरात कुठंच नाही, त्या सगळ्यांचा नामदिन त्या तारखेला. तिथंही नामदिनाला पाहुणे न बोलावता येतात, तेव्हा असलं नाव ठेवलेल्या घरांना २२ मेला केक आणि कॉफीची तयारी करून ठेवावी लागते.