दोन टोकांकडून मध्याकडे

पुस्तकाच्या दुकानात सात पुस्तके आहेत. किमती रुपयांत ९०, १५०, २१०, २८०, ३३०, ३९० आणि ४६०. गिऱ्हाइकाकडे ४९० रुपयांचे कूपन आहे, ते दोन पुस्तकांत पैन् पै संपवायचे आहे. अशी जोडी आहे का? सातच किमती असल्या तर माणूस नुसत्या नजरेने सांगेल. किमती दहा लाख असल्या आणि प्रत्येकीची इतर प्रत्येकीशी जोडी लावून पाहायची म्हटले, तर जोड्यांची संख्या पाचशे अब्जांच्या जवळ जाते. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारला जातो, आणि त्यातले एक रूप जरा खट्याळ आहे: किमती सरळ यादीत नसतात, त्या झाडावर टांगलेल्या असतात.

हे झाड म्हणजे बायनरी सर्च ट्री. संगणकातली झाडे उलटी असतात, मूळ वर आणि फांद्या खाली. आपल्या झाडाच्या मुळाशी २८० आहे. त्याच्या डावीकडे १५० आणि उजवीकडे ३९०. १५० च्या खाली डावीकडे ९० आणि उजवीकडे २१०. ३९० च्या खाली तसेच ३३० आणि ४६०. नियम एकच, तो प्रत्येक नोडला लागू: डाव्या बाजूला सगळे लहान, उजव्या बाजूला सगळे मोठे. म्हणून आधी डावी बाजू, मग स्वतः नोड, मग उजवी बाजू अशा क्रमाने झाड फिरले की किमती आपोआप चढत्या क्रमाने हाती येतात. या फेरीला इनऑर्डर म्हणतात. डावे-उजवे अदलाबदल करून फिरले की त्याच किमती उतरत्या क्रमाने मिळतात.

मग युक्ती अशी. दोन इटरेटर घ्यायचे. इटरेटर म्हणजे मागितल्यावर पुढची एकच किंमत देणारा आणि आपण कुठवर आलो हे लक्षात ठेवणारा. एक चढत्या क्रमाने निघतो, दुसरा उतरत्या. दोघांच्या हातातल्या किमतींची बेरीज करायची. बेरीज कमी पडली तर चढता इटरेटर एक घर पुढे, जास्त झाली तर उतरता एक घर मागे.

आपल्या दुकानात करून पाहू. ९० आणि ४६० मिळून ५५०, म्हणजे ४९० पेक्षा जास्त. उतरता ३९० वर येतो. ९० आणि ३९० मिळून ४८०, कमी. चढता १५० वर जातो. आता ५४०, जास्त. उतरता ३३० वर. पुन्हा ४८०, चढता २१० वर. पुन्हा ५४०, उतरता २८० वर. २१० आणि २८० मिळून बरोबर ४९०. पाच पावलांत जोडी सापडली.

पहिल्याच पावलाला ४६० कायमची टाकून दिली, तिची कुणाशी जोडी जमली असती तर? नसती जमली. सगळ्यांत स्वस्त ९० सोबत घेऊनही ती ४९० ओलांडते. मग १५० किंवा २१० सोबत ती कशी बसेल? डाव्या टोकाला हाच तर्क उलटा चालतो: उरलेल्यांतल्या सगळ्यांत महागासोबतही जी कमी पडते, ती कुणासोबतही कमीच पडणार. प्रत्येक पावलाला एक किंमत अशी सकारण बाद होते. त्यामुळे दहा लाख किमती असल्या तरी दहा लाखांपेक्षा कमी पावलांत निकाल लागतो.

इथपर्यंतचे काम सरळ यादीवरही झाले असते. झाडावरची खरी अडचण म्हणजे फांदीच्या टोकाला पोचल्यावर परत वर कसे यायचे. नोडला आपली मुले माहीत असतात, पण बहुतेक मांडण्यांत आपला पालक माहीत नसतो. म्हणून प्रत्येक इटरेटर आपल्यापाशी एक स्टॅक ठेवतो. त्यात, खाली उतरताना वाटेत लागलेले आणि अजून हाताळायचे राहिलेले नोड एकावर एक रचलेले असतात. चढत्याच्या स्टॅकमध्ये सुरुवातीला तळापासून २८०, १५०, ९० असतात. ९० काढली की वर १५० दिसते. १५० काढली की तिच्या उजव्या मुलाकडे जायचे आणि तिथून डावीकडे जाता येईल तितके खाली उतरत प्रत्येक नोड रचायचा. इथे फक्त २१० रचली जाते. उतरत्याच्या स्टॅकमध्ये हेच आरशातल्यासारखे उलट.

एखाद्या पावलाला बरेच नोड एकदम रचावे लागतात हे खरे, पण कुठलाही नोड एका स्टॅकमध्ये एकदाच जातो आणि एकदाच निघतो, म्हणून एकूण मेहनत किमतींच्या संख्येच्या प्रमाणातच राहते. मोठी बचत जागेची. स्टॅकमध्ये एका वेळी झाडाच्या उंचीइतकेच नोड मावतात. सोव्हिएत गणितज्ञ अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या समतोल झाडात, म्हणजे एव्हीएल ट्रीमध्ये, दहा लाख नोड असले तरी उंची तिशीच्या आत राहते. दोन्ही स्टॅक मिळून साठ नोंदीही होत नाहीत. सगळ्या किमती आधी यादीत उतरवून घेतल्या असत्या, तर दहा लाख नोंदी कराव्या लागल्या असत्या.

समतोल नसेल तर मात्र हे गणित कोसळते. किमती आधीच चढत्या क्रमात असताना साध्या झाडात एकामागून एक घातल्या, तर प्रत्येक नवी किंमत आधीच्या किमतीच्या उजवीकडे लटकते आणि झाडाची साखळी होते. मग चढत्याच्या स्टॅकमध्ये कायम एकच नोड, आणि उतरत्याच्या स्टॅकमध्ये सुरुवातीलाच सगळेच्या सगळे. निकाल बरोबर येतो, पण जागा वाचत नाही. एकच स्टॅक अवाच्या सवा वाढलेला दिसला, तर आधी झाडाचा आकार तपासावा.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या थांबण्याच्या अटीत. त्याच दुकानात ५६० चे कूपन घेऊन पाहा. बेरजा येतात ५५०, ६१०, ५४०, ६००, ५४०, ६१०, आणि त्यानंतर दोन्ही इटरेटर २८० वर येऊन ठेपतात. २८० दुणे ५६०! बेफिकीर प्रोग्राम आनंदाने ‘सापडली’ म्हणेल, पण पुस्तक एकच आहे, ते दोनदा विकता येत नाही. म्हणून बेरीज करण्याआधी दोघे एकाच नोडवर आले आहेत का हे पाहायचे, आणि आले असतील तर थांबायचे. इथे किमतींची तुलना करून भागत नाही, नोडचीच करावी लागते. दुकानात २८० ची दोन वेगळी पुस्तके असतील आणि झाड दोघांना स्वतंत्र नोड देत असेल, तर ५६० ची जोडी खरी आहे, आणि ‘डावी किंमत उजवीपेक्षा लहान असेपर्यंतच चाला’ असे लिहिलेला प्रोग्राम ती हुकवेल. इटरेटर एका वेळी एकच घर सरकतात, त्यामुळे ते न भेटता एकमेकांना ओलांडून जाण्याची भीती नाही.

रोजच्या कामात हा स्टॅक हाताने रचावा लागतोच असे नाही. सी प्लस प्लसच्या `std::set` मधून किमती पुढे आणि मागे दोन्हीकडे चालता येतात. जावाच्या `TreeSet` मध्ये `iterator()` आणि `descendingIterator()` तयार मिळतात, आणि तिथल्या नोडना पालक माहीत असल्याने स्टॅकची गरजच पडत नाही. चालता चालता झाडात नवी किंमत घातली, तर मात्र जावा बहुधा `ConcurrentModificationException` फेकून काम बंद पाडते.

आणि एकाच झाडावर शेकडो कूपने तपासायची असतील, तर या युक्तीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. किमती एकदाच क्रमाने यादीत उतरवून घ्याव्यात आणि तिथेच दोन बोटे आत सरकवावीत. जागा जास्त लागेल, पण प्रत्येक कूपनामागे झाडावर चढ-उतार करावी लागणार नाही.