बाळबोध नकलेंतील शुद्धाशुद्धविचार

जुन्या मोडी पत्राची बाळबोध नक्कल शुद्धलेखनाच्या दृष्टीनें तपासून द्यावी, अशी विनंति संग्राहक मित्रांकडून वारंवार येते. विनंति साधी दिसते. परंतु तींत एक अडचण आहे. आज शाळांतून शिकविले जाणारे लेखनाचे नियम १९६२ सालीं शासनानें मान्य केले व १९७२ सालीं त्यांत भर पडली. दोनशें वर्षांपूर्वींच्या कारकुनास ते लावावयाचे म्हणजे त्यानें न केलेला अपराध त्याच्या माथीं मारणें होय. उलट, जुनें तें सर्व शुद्ध असें धरून चाललें, तर खरी चूक तशीच छापली जाते. ही निवड कशी करावी, हें एका नकलेवरून दाखवितों.

गांव, मिति व व्यक्ति यांचीं नांवें गाळून त्या नकलेंतील ओळी अशा: «तुम्हीं पत्र पाठविलें तें प्रवीष्ट जालें. मौजे मजकुरीं पानी नाहीं सब रयत परागंदा जाली. सबब कौल दिल्हा असे. साल मजकुरीं वसुलाचा तगादान लावणें. कीर्द माहामुरी करवणें. येविसीं हैगै न करणें.» मूळ आज्ञा वरिष्ठ अधिकाऱ्याची, हातचा कागद मात्र गांवीं करून ठेवलेली तिची मोडी नक्कल, आणि तीवरून संग्राहकानें बाळबोध उतारा केलेला.

हा उतारा माझ्याकडे येण्यापूर्वीं एका सुशिक्षित गृहस्थांनीं तपासला होता. त्यांनीं «जालें»चें «झालें», «दिल्हा»चें «दिला», «पानी»चें «पाणी», «माहामुरी»चें «मामुरी», «येविसीं»चें «याविषयीं» व «हैगै»चें «हयगय» केलें होतें. «तगादान» हा शब्द कोशांत नाहीं, म्हणून शेवटचा «न» खोडून «तगादा लावणें» असें केलें होतें. «सब» मात्र त्यांनीं तसाच राहूं दिला. कारण त्याचा अर्थ हिंदुस्थानींतला «सर्व» असा त्यांना वाटला. थोडक्यांत, जेथें चूक नव्हती तेथें लेखणी चालली व जेथें होती तेथें एकदां थांबली, एकदां भलतीकडे वळली.

प्रथम लिपीचा विचार करावा. मोडींत ऱ्हस्व व दीर्घ इकारांस सामान्यतः एकच चिन्ह चालतें. उकाराचीहि तीच स्थिति. म्हणून «प्रवीष्ट» यांतील दीर्घ ईकार मूळ लेखकाचा नव्हे, उतारा करणाराचा होय. तो निमूटपणें «प्रविष्ट» असा करावा. लिपि जो भेद दाखवीतच नाहीं, त्याबद्दल लेखकास दोष देतां येत नाहीं. आणि «प्रवीष्ट» छापून प्राचीनत्वाचा आभास उत्पन्न करणेंहि योग्य नव्हे.

मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, लेखणी ओळभर धांवते. शब्द तोडणें हें काम उतारा करणाराचें. «तगादान लावणें» ही चूक येथेंच झाली. वाचावयाचें तें «तगादा न लावणें». याला पुरावा पत्रांतच आहे. पाऊसपाणी नाहीं, रयत देशोधडीस लागली, म्हणून कौल दिला, असें सांगणारी आज्ञा त्याच दमांत वसुलाचा तगादा लावावयास सांगणार नाहीं. शिवाय निषेधाची हीच रचना शेवटीं «हैगै न करणें» येथें आली आहे. एक «न» अशुद्ध समजून खोडला, तेवढ्यानें आज्ञा उलटी झाली. हा उतारा तसाच छापला गेला असता, तर दुष्काळांतहि वसुलाची सक्ति होती, असा पुरावा म्हणून पुढें कोणी त्याचा हवाला दिला असता.

आतां «सब». येथें दोष मूळ लेखकाचा आहे. «सबब», म्हणजे त्या कारणानें, हा शब्द त्याला अभिप्रेत आहे. दोन सारखीं अक्षरें लागोपाठ आलीं कीं नक्कल करणाराच्या हातून एक सुटतें, हा नेहमींचा अनुभव. पुढच्याच वाक्यांत त्यानें «सबब» पूर्ण लिहिलें आहे. तोच हात एक शब्द एकदां पूर्ण व एकदां अपुरा लिहितो, आणि अपुऱ्या रूपानें कार्यकारणाचा सांधा तुटतो, तेव्हां ती चूकच समजावी. तरीहि ती लपवूं नये. «सब[ब]» असें छापावें, म्हणजे कागदावर काय आहे व संपादकानें काय घातलें, हें वाचकास निराळें दिसेल.

«जालें» व «दिल्हा» हीं जुनीं रूपें आहेत. «जाला» याचा संबंध संस्कृत «जात» ह्या कृदन्ताशीं आहे, आणि पेशवाईच्या कागदांत तो पानोपानीं आढळतो. ह्या उताऱ्यांत «जालें» व «जाली» हीं दोन्ही रूपें एकाच वळणानें आलीं आहेत. चुकीला असा नेम नसतो. «येविसीं» यांतील आरंभींचा «ये» व «ष»च्या जागीं «सी», तसेंच «हैगै», हीं त्या काळच्या उच्चाराचीं व लेखनाचीं रूपें होत. तीं जशींच्या तशीं ठेवावीं.

«पानी» याचा न्याय निराळा. «ण»च्या जागीं «न» बोलणारे लोक आजहि पुष्कळ आहेत. तेव्हां हा बोलीचा ठसा असण्याचा संभव मोठा. मात्र एका शब्दावरून निर्णय देऊं नये. सर्व कागद पाहावा. «कोनी», «आनून» अशीं रूपें इतरत्रहि असतील, तर बोली निश्चित. उलट कोठें «मन» याच्या जागीं «मण» आढळला, तर तोहि बोलीचाच पुरावा. «न» बोलणारा मनुष्य शुद्ध लिहूं पाहतांना नको तेथें «ण» घालतो. अशा वेळीं त्यास धान्याचें माप समजून फसूं नये. सर्वत्र «ण» बरोबर असून एकट्या «पानी»मध्येंच «न» असेल, तर मात्र लेखणीची चूक म्हणतां येईल. येथील «पानी» नकलकाराचा आहे कीं मूळ आज्ञेंतला, हें नकलेवरून ठरत नाहीं; म्हणून अधिकाऱ्याच्या प्रांताविषयीं त्यावरून अनुमान काढूं नये.

राहिले परभाषेंतील शब्द. «माहामुरी» हा मूळ अरबी «मअमूर» यापासून आला. त्यांतील कंठ्य ध्वनि मराठींत नाहीं. म्हणून कोणी तो गाळून «मामुरी» लिहिलें, कोणी त्याच्या जागीं हकार ऐकून «माहामुरी» लिहिलें. «तगादा» व «तकाजा» हीं दोन्ही एकाच शब्दाचीं मराठी रूपें. त्यांतील अरबी व्यंजन फार्सींत «ज़»सारखें उच्चारलें जातें, तरी मराठींत दोन्ही वळणें रुळलीं. मूळ भाषेंतील लेखन हें येथें शुद्धतेचें माप नव्हे. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश जवळ ठेवावे. परंतु कोशांत रूप नाहीं एवढ्यावरून तें अशुद्ध ठरवूं नये. ध्वनींच्या बदलाची उपपत्ति लागते कीं नाहीं व दुसऱ्या एखाद्या समकालीन कागदांत तें मिळतें कीं नाहीं, हें पाहावें.

अखेर त्या उताऱ्यांत दुरुस्त्या तीनच राहिल्या: «प्रविष्ट», «सब[ब]» व «तगादा न». पहिली व तिसरी उताऱ्यांतली, दुसरी कागदावरची. मूळ कागद समोर ठेवल्यावांचून त्यांतील एकहि निश्चयानें करतां आली नसती. म्हणून तपासणीसाठीं उतारा धाडणाऱ्यांनीं त्याबरोबर मूळाचें छायाचित्र अवश्य धाडावें, आणि कोणी आधीं दुरुस्त्या केल्या असतील तर पूर्वींचा पाठ न पुसतां तोहि कळवावा.