चौकोनातला पासवर्ड

पाहुणे आले की चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड मागतात. तो अक्षर-अक्षर सांगण्यापेक्षा क्यूआर कोड दाखवणं सोपं. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या फोनमध्ये वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडून Share दाबा. फोन तुमचं बोट किंवा पिन मागतो आणि कोड दाखवतो. पाहुण्याने कॅमेरा धरला की काम झालं.

त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात साधा मजकूर असतो:

```
WIFI:T:WPA;S:Angan;P:amba@2024;;
```

S म्हणजे नेटवर्कचं नाव, P म्हणजे पासवर्ड. काहीही कुलूपबंद नाही. कोडचा फोटो ज्याच्याकडे, पासवर्डही त्याच्याकडे. म्हणून तो छापून दिवाणखान्यात लावायचाच असेल, तर राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क करून त्याचाच लावावा.

प्रवासात मित्राचा जुना टॅब तुमच्या हॉटस्पॉटला जोडताना अडचण वेगळीच येते: यादीत तुमच्या फोनचं नावच दिसत नाही. पासवर्डचा इथे संबंध नसतो. फोन बहुधा ५ गिगाहर्ट्झवर प्रसारण करत असतो आणि जुन्या उपकरणाला फक्त २.४ कळतं. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटचा बँड २.४ करा, आयफोनवर Maximize Compatibility सुरू करा. वेग थोडा घटेल, पण नाव दिसेल. जोडल्यावर टॅबवरचे अपडेट मात्र आधी थांबवा. तो हॉटस्पॉटला घरचं वायफाय समजू शकतो आणि मग डेटा तुमचा संपतो.